सेटलमेंट अडकली? मेल लिहिण्याआधी पहिली न आलेली सेटलमेंट शोधा

कार्डाने झालेल्या विक्रीचे पैसे पेमेंट कंपनीकडून चार-पाच दिवस खात्यात जमा झाले नाहीत, की दुकानदाराच्या मेलमध्ये बहुतेक वेळा एकच वाक्य असते: 'आठवडाभर आमचे पैसे आलेले नाहीत, कृपया लवकर पाठवा.' तक्रार खरी असते, पण या वाक्यावर पेमेंट कंपनीच्या सपोर्टमधल्या माणसाला काहीच करता येत नाही. त्याच्या स्क्रीनवर 'आठवडाभराचे पैसे' असे काही नसते. तिथे वेगवेगळ्या सेटलमेंटची, म्हणजे एकेका दिवसाच्या विक्रीपोटी दुकानाच्या खात्यात पाठवायच्या रकमांची, यादी असते आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि स्टेटस असते. कोणती सेटलमेंट म्हणताय हे मेलमध्ये नसेल तर तो ठरलेले उत्तर पाठवतो, तुम्ही पुन्हा तेच लिहिता आणि दोन दिवस असेच जातात.

सेटलमेंट एकामागून एक, रांगेत जातात. अनेक दिवसांचे पैसे एकदम थांबतात तेव्हा अडथळा बहुधा एकाच ठिकाणी, रांगेतल्या पहिल्या अडकलेल्या सेटलमेंटमध्ये असतो. बँकेने एक जमा परत पाठवली की बऱ्याच कंपन्यांची सिस्टीम त्या खात्याकडे जाणारे पुढचे सगळे पैसे आपोआप रोखून धरते. म्हणून मेल त्या पहिल्या सेटलमेंटभोवती बांधायचा आणि ती सापडल्याशिवाय लिहायला बसायचे नाही.

आधी बघा, खरोखर किती सेटलमेंट थकल्या आहेत

तुमच्या करारात सेटलमेंटची मुदत लिहिलेली असते, उदाहरणार्थ T+2. T म्हणजे विक्रीचा दिवस आणि 2 म्हणजे त्यानंतरचे कामाचे दोन दिवस. बँका बंद असलेले दिवस यात धरत नाहीत. शिवाय प्रत्येक कंपनीची दिवसाची एक कट-ऑफ वेळ असते, त्यानंतरची विक्री दुसऱ्या दिवसात मोजली जाते. तुमच्या गल्ल्यातला दिवसाचा आकडा आणि कंपनीच्या रिपोर्टमधला आकडा जुळत नाही तो बहुतेक वेळा यामुळेच. मेलमध्ये कंपनीच्या रिपोर्टमधले आकडे द्या. तुमच्या वहीतले दिले तर उत्तर 'रकमा जुळत नाहीत' या मुद्द्यावर अडकते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

एक उदाहरण धरू. मुदत T+2 आहे, शनिवार-रविवार बँका बंद आहेत आणि करारानुसार त्या दोन दिवसांची विक्री सोमवारची धरली जाते. बुधवार 11 तारखेच्या सकाळी दुकानदार खाते बघतो. शेवटची जमा गुरुवारी 5 तारखेला आलेली आहे, मंगळवार 3 तारखेच्या विक्रीची. म्हणजे बुधवार 4 पासून मंगळवार 10 पर्यंत सात दिवसांच्या विक्रीचे पैसे आलेले नाहीत, असे त्याला वाटते.

मुदत मोजली की चित्र बदलते. 4 तारखेच्या विक्रीचे पैसे शुक्रवारी 6 ला यायला हवे होते. 5 तारखेचे सोमवारी 9 ला आणि 6 तारखेचे मंगळवारी 10 ला. शनिवार, रविवार आणि सोमवारच्या विक्रीचे पैसे आज, 11 तारखेला यायचे आहेत. दिवस अजून संपलेला नाही, त्यामुळे ते थकलेले नाहीत. 10 तारखेच्या विक्रीचे तर उद्या येतील. थकलेल्या सेटलमेंट तीनच आहेत आणि पहिली 4 तारखेची आहे. मेलमध्ये सात दिवस लिहिले असते तर 'तुमची सेटलमेंट मुदतीत आहे' असे अर्धवट खरे उत्तर देऊन तक्रारीचे तिकीट बंद करायला कंपनीला वाव मिळाला असता.

पैसे कुठे थांबलेत

आता कंपनीच्या डॅशबोर्डवर सेटलमेंट किंवा पेआउट या भागात जा आणि त्या पहिल्या सेटलमेंटचे स्टेटस बघा. पैसे तीन ठिकाणी थांबू शकतात आणि तिन्हींसाठी मेल वेगवेगळा होतो.

पहिले ठिकाण तुमच्याच काउंटरवर आहे. कार्ड मशीनवर ग्राहकाच्या बँकेची मंजुरी मिळाली म्हणजे विक्री पुढे गेली असे नाही. दिवसाची बॅच, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद झाली की मगच व्यवहार पुढे जातात. बॅच आपोआप बंद होण्याची सोय बिघडली असेल, किंवा ठरलेल्या वेळी मशीन बंद किंवा नेटवर्कबाहेर असेल, तर मंजूर व्यवहार मशीनमध्येच पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: त्या दिवसासाठी डॅशबोर्डवर सेटलमेंटच तयार झालेली नसते आणि व्यवहारांसमोर 'Captured' ऐवजी 'Authorized' दिसते. बॅच बंद केल्याची शेवटची पावती काढून तारीख तपासा. असे असेल तर मेल लिहिण्यात वेळ घालवू नका, आधी बॅच बंद करा, कारण मंजुरीची मुदत काही दिवसांतच संपते आणि मग तो व्यवहार हातातून जाऊ शकतो. T+2 ची मोजणी बॅच बंद केल्याच्या दिवसापासून सुरू होईल हेही लक्षात ठेवा.

दुसरे ठिकाण कंपनी. सेटलमेंट तयार आहे, पण समोर 'On hold' किंवा 'Under review' असे काहीतरी दिसते. कारणे ठरावीक असतात. ओळखपत्र किंवा नोंदणीच्या कागदाची मुदत संपलेली असते, एखादा व्यवहार नेहमीपेक्षा खूप मोठा असतो, विक्री अचानक वाढलेली असते किंवा चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेमार्फत परत मागितलेले पैसे, वाढलेले असतात. रिफंड आणि चार्जबॅक मिळून शिल्लक शून्याखाली गेली असेल तर नवीन विक्रीतून आधी ती भरून काढली जाते. हा होल्ड नसतो, पण खात्यात काहीच येत नसल्याने बाहेरून तसाच दिसतो. होल्ड असेल तर कंपनीने कागद मागणारा मेल आधीच पाठवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. नोंदणी ज्या मेलवर झाली तो इनबॉक्स, त्याचा स्पॅम फोल्डर आणि डॅशबोर्डमधल्या सूचना नीट बघा. नोंदणी एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या मेलवर झालेली असेल, तर उत्तर तिकडे पडून असते आणि दुकानात कोणालाच माहीत नसते.

तिसरे ठिकाण बँक. स्टेटस 'Paid' आहे पण खात्यात जमा नाही, किंवा 'Failed' अथवा 'Returned' आहे. खाते क्रमांकात चूक, बंद किंवा गोठवलेले खाते, किंवा बँकेतले नाव आणि कंपनीकडचे नाव वेगळे, ही नेहमीची कारणे. 'Paid' चा अर्थ कंपनीने पैसे पाठवले एवढाच असतो. ते जमा झाले की नाही हे त्यावरून कळत नाही.

आपल्या उदाहरणात 4 तारखेची सेटलमेंट 'Failed' आहे आणि 5 व 6 तारखेच्या 'On hold'. नुसते शेवटचे स्टेटस बघितले असते तर हा होल्ड कागदपत्रांचा वाटला असता. रांगेच्या तोंडाशी असलेले 'Failed' सांगते की प्रश्न बँक खात्याचा आहे आणि होल्ड त्याच्या मागून आला आहे.

एक गोष्ट मात्र मेलची वाट न बघता करायची. डॅशबोर्डवर दिसणारे बँक खात्याचे शेवटचे चार अंक तुमचेच आहेत ना हे तपासा. ते तुम्ही न बदलता बदललेले असतील, तर हा उशीर नाही, कोणीतरी तुमच्या लॉगिनमध्ये शिरले आहे. लगेच कंपनीला फोन करून पेआउट थांबवायला सांगा, पासवर्ड बदला आणि मेल नंतर लिहा.

मेल

नोंदणी असलेल्या मेलवरूनच पाठवा. दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या मेलला खात्याची माहिती देता येत नाही, म्हणून पहिले उत्तर ओळख पटवण्याचे येते आणि एक दिवस जातो. विषयाच्या ओळीत मर्चंट आयडी, सेटलमेंटची संख्या आणि एकूण रक्कम घाला. 'अत्यंत तातडीचे' या शब्दांनी कोणाचीही रांग पुढे सरकत नाही, क्रमांकाने मात्र तिकीट योग्य टीमकडे जाते.

वरच्या उदाहरणाचा पूर्ण मेल असा होईल. चौकोनी कंसात तुमची माहिती भरा.

> विषय: मर्चंट आयडी [क्रमांक] – 3 सेटलमेंट मुदत उलटूनही जमा नाहीत, निव्वळ रक्कम 64,363
>
> नमस्कार,
>
> आमच्या दुकानाच्या 4, 5 आणि 6 तारखेच्या विक्रीच्या तीन सेटलमेंट करारातील T+2 मुदत उलटूनही खात्यात जमा झालेल्या नाहीत. पहिली (4 तारखेची) डॅशबोर्डवर 'Failed' दिसते आणि पुढच्या दोन 'On hold'. शेवटची जमा 5 तारखेला, 3 तारखेच्या विक्रीची, आली आहे.
>
> 1) सेटलमेंट क्र. [क्रमांक], विक्री 4 तारीख, 31 व्यवहार. विक्री 18,400, फी 368, निव्वळ 18,032. अपेक्षित तारीख 6. स्टेटस Failed.
>
> 2) सेटलमेंट क्र. [क्रमांक], विक्री 5 तारीख, 38 व्यवहार. विक्री 22,150, रिफंड 1,150, फी 443, निव्वळ 20,557. अपेक्षित तारीख 9. स्टेटस On hold.
>
> 3) सेटलमेंट क्र. [क्रमांक], विक्री 6 तारीख, 44 व्यवहार. विक्री 26,300, फी 526, निव्वळ 25,774. अपेक्षित तारीख 10. स्टेटस On hold.
>
> आम्ही तपासले आहे: तिन्ही दिवसांच्या बॅच बंद आहेत. डॅशबोर्डवरील बँक खाते (शेवटचे चार अंक [____]) आमचेच आहे, चालू आहे आणि त्यात इतर जमा येत आहेत. आमच्याकडे कागदपत्रांची कोणतीही मागणी प्रलंबित दिसत नाही.
>
> कृपया पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत:
>
> अ) 4 तारखेची सेटलमेंट बँकेने कोणत्या तारखेला आणि कोणते कारण देऊन परत केली? त्या व्यवहाराचा बँक संदर्भ क्रमांक काय?
>
> आ) 5 आणि 6 तारखेच्या सेटलमेंट याच कारणाने थांबल्या आहेत की वेगळ्या?
>
> इ) आमच्याकडून काही कागद किंवा दुरुस्ती हवी असल्यास नेमके काय, आणि ते कुठे द्यायचे?
>
> ई) दुरुस्तीनंतर तिन्ही रकमा आपोआप पुन्हा पाठवल्या जातील की आम्हाला वेगळी विनंती करावी लागेल? कोणत्या तारखेला?
>
> उ) आजपासूनच्या विक्रीचे पैसेही थांबणार आहेत का?
>
> तीन सेटलमेंट रिपोर्ट आणि 5 ते 11 तारखेचा बँक खाते उतारा सोबत जोडला आहे. शुक्रवार 13 तारखेच्या दुपारपर्यंत उत्तर मिळावे ही विनंती. या तक्रारीचा तिकीट क्रमांक कळवावा.
>
> [नाव, दुकानाचे नोंदणीकृत नाव, संपर्क क्रमांक]

या मेलमध्ये तीन ठिकाणी मुद्दाम काळजी घेतली आहे. एक म्हणजे निव्वळ रक्कम. उदाहरणात फी विक्रीच्या 2 टक्के आहे, म्हणून एकूण विक्री 66,850 मधून फी 1,337 आणि रिफंड 1,150 वजा करून 64,363 येतात. फीवर कर लागत असेल तर तोही वजा करा. एकूण विक्रीची रक्कम मागितली तर पैसे आल्यावर तुम्हालाच ते कमी वाटतील आणि नवा वाद सुरू होईल.

दुसरे म्हणजे 'आम्ही तपासले आहे' हा परिच्छेद. सपोर्टची पहिली उत्तरे 'बॅच बंद केली का', 'खाते क्रमांक तपासा' अशीच असतात. त्यांचे उत्तर तुम्ही आधीच दिले की एक पूर्ण फेरी वाचते. पण तपासले नसेल ते लिहू नका. पुढे ते खोटे निघाले तर बाकी मेलवरचाही विश्वास जातो.

तिसरे म्हणजे प्रश्नांची घडण. 'पैसे का आले नाहीत?' याला 'तांत्रिक कारणामुळे' एवढे उत्तर पुरते. तारीख, कारण आणि संदर्भ क्रमांक विचारले की उत्तर देणाऱ्याला ती सेटलमेंट उघडून बघावीच लागते. उ) हा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि दुकानाच्या रोजच्या खेळत्या पैशाच्या दृष्टीने तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. उत्तर 'हो' असेल तर प्रश्न सुटेपर्यंत रोख किंवा थेट बँक हस्तांतर यांसारखा दुसरा मार्ग ग्राहकांपुढे ठेवावा लागेल, नाहीतर अडकलेली रक्कम रोज वाढत जाते.

जोडलेल्या उताऱ्यात थकलेल्या सेटलमेंटशी संबंधित दिवस पुरेसे आहेत. तुमच्या इतर जमा-खर्चाचा इतिहास द्यायची गरज नाही. ग्राहकाचा पूर्ण कार्ड क्रमांक, कार्डामागचा सुरक्षा अंक, तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी यातले काहीही मेलमध्ये, स्क्रीनशॉटमध्येही, जाऊ देऊ नका. एखाद्या व्यवहाराचा उल्लेख करायचा असेल तर व्यवहार आयडी, वेळ आणि कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात.

उत्तर येईपर्यंत

या दिवसांत घाईने केलेल्या गोष्टी सगळ्यांत जास्त नुकसान करतात. वैतागून डॅशबोर्डवर दुसरे बँक खाते टाकू नका. खाते बदलले की अनेक कंपन्या नव्याने पडताळणी करतात आणि तोवर पेआउट थांबवतात, म्हणजे एका अडथळ्याचे दोन होतात. अडकलेले व्यवहार रिफंड करून ग्राहकाकडून पुन्हा पैसे घेण्याचा प्रयत्नही करू नका. रिफंड अडकलेल्या शिलकीतून जातो, फी दोनदा लागू शकते आणि अचानक वाढलेले रिफंड बघून जोखीम तपासणारी टीम तुमच्या खात्याकडे वळते.

रोज नवा मेलही नको. प्रत्येक नव्या मेलला नवे तिकीट मिळाले की एकाच विषयावर तीन माणसे तीन वेगळी उत्तरे देतात. त्याच मेलला उत्तर देत राहा, म्हणजे तिकीट क्रमांक विषयाच्या ओळीत टिकतो. फोन केला तर बोलणे झाल्यावर त्याच धाग्यात दोन ओळी टाका: कोणत्या वेळी बोलणे झाले, काय सांगितले, कोणती तारीख दिली.

सेटलमेंट अडकल्याच्या काळात 'खाते पडताळणीसाठी या लिंकवर क्लिक करा' असा मेल आला तर तो खरा वाटणे स्वाभाविक आहे, कारण तुम्ही उत्तराचीच वाट बघत असता. लिंकवरून जाऊ नका. स्वतः पत्ता टाइप करून डॅशबोर्ड उघडा. मागणी खरी असेल तर बहुधा तिथेही दिसेल. तिथे दिसत नसेल तर डॅशबोर्डमध्ये किंवा करारात दिलेल्या नंबरवर फोन करून विचारा.

आलेले उत्तर वाचताना

'तुमची सेटलमेंट प्रोसेस झाली आहे, बँकेशी संपर्क साधा' असे उत्तर आले तर बँकेत जाण्याआधी पाठवल्याची तारीख, नेमकी रक्कम, खात्याचे शेवटचे चार अंक आणि बँक संदर्भ क्रमांक या चार गोष्टी घ्या. संदर्भ क्रमांकाशिवाय बँकेचा कर्मचारी फक्त तुमचे खाते बघू शकतो आणि त्यात जमा नाही हे तुम्हाला आधीच माहीत असते. क्रमांक हातात असला तर विचारा: या क्रमांकाची जमा तुमच्याकडे आली का, आली असेल तर परत पाठवली का, आणि कोणत्या कारणाने? कारण लेखी मागा आणि तेच कंपनीला त्याच धाग्यात पाठवा.

'तुमचे खाते तपासणीखाली आहे' हे उत्तर अपुरे आहे. होल्ड पूर्ण शिलकीवर आहे की काही व्यवहारांवर, कोणती कागदपत्रे हवीत आणि करारातल्या कोणत्या कलमानुसार पैसे थांबवलेत, हे विचारा. जोखमीच्या तपासणीत नेमके काय खटकले ते कंपनी सांगेलच असे नाही. पण कागद कोणते हवेत हे तिला सांगावेच लागते, कारण त्याशिवाय तपासणी पुढे सरकत नाही. एखाद्या मोठ्या व्यवहारामुळे शंका आली असेल तर त्याचे बिल आणि माल ग्राहकाला दिल्याचा पुरावा न मागता पाठवला तरी चालतो.

आपल्या उदाहरणात उत्तर असे येते: बँकेने 'खातेदाराचे नाव जुळत नाही' या कारणाने 4 तारखेची जमा परत केली. दुकानदाराने त्या आठवड्यात बँक खात्यावरचे नाव स्वतःच्या नावावरून दुकानाच्या नोंदणीकृत नावावर बदलून घेतले होते, कंपनीकडे जुनेच नाव राहिले. उपाय दोन कागदांचा आहे: नव्या नावासह खाते क्रमांक दाखवणारे बँकेचे पत्र किंवा ताज्या उताऱ्याचे पहिले पान, आणि दुकानाचे नोंदणीपत्र. दोन्हींवरचे नाव अक्षरशः सारखे असले पाहिजे. एकावर संक्षिप्त रूप आणि दुसऱ्यावर पूर्ण रूप असेल तर तोच मुद्दा पुन्हा उभा राहतो.

ठरलेल्या तारखेला उत्तर आले नाही तर त्याच धाग्यात छोटा मेल पुरे: 'तिकीट क्र. [क्रमांक]. 13 तारखेपर्यंत उत्तर अपेक्षित होते, आलेले नाही. अ) ते उ) प्रश्न कायम आहेत. कृपया हे तिकीट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे किंवा वरच्या स्तरावर पाठवावे आणि तसे कळवावे.' तक्रार वर नेण्याची पद्धत करारात किंवा कंपनीच्या साइटवर दिलेली असते. तिथली पहिली पायरी पूर्ण केल्याचा पुरावा हा धागाच असतो, म्हणून तो डिलीट करू नका.

पैसे जमा झाले की लगेच रक्कम जुळवा. 64,363 एकदम येतील किंवा 18,032, 20,557 आणि 25,774 अशा तीन जमा येतील, आणि दोन्ही बरोबर आहे. कमी आले तर सेटलमेंट रिपोर्टमध्ये 'Reserve' अशी ओळ आहे का बघा. तपासणीनंतर काही कंपन्या प्रत्येक सेटलमेंटचा काही टक्के भाग ठरावीक दिवस राखून ठेवायला सुरुवात करतात. तसे असेल तर टक्केवारी, किती दिवसांनी परत मिळणार आणि ही अट कधी काढणार, हे त्याच तिकिटावर विचारून घ्या. तिकीट बंद झाल्यावर विचारलेत तर सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.